फक्त दोन टोकांवरून सरासरी, पण आधी टोकं नीट पकडा

१०० ते २०० च्या दरम्यान ७ ने पूर्ण भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची सरासरी किती? हा प्रश्न फळ्यावर लिहिला की माझ्या वर्गाचे दोन गट पडतात. काही मुलं १०५, ११२, ११९ अशी यादी मांडून बेरजेला बसतात. काहींनी युक्ती आधीच ऐकलेली असते. ती लगेच १०० अधिक २००, भागिले २, म्हणून १५० असं सांगतात. पहिल्या गटाचं उत्तर बरोबर येतं, पण वेळ फार जातो. दुसऱ्या गटाचा वेळ वाचतो आणि उत्तर चुकतं. खरं उत्तर १५०.५ आहे आणि तेही दोनच संख्यांवरून निघतं. मात्र त्या दोन संख्या १०० आणि २०० नव्हेत.

ही युक्ती शिकवताना मला दरवर्षी हेच दिसतं. सूत्र एका मिनिटात पाठ होतं आणि ते वापरताना आकडेमोडीत सहसा कुणी चुकत नाही. चूक होते ती टोकं ठरवताना. म्हणून हा लेख सूत्रावर थोडा आणि टोकांवर जास्त आहे.

आधी सूत्र

संख्या चढत्या क्रमाने मांडल्या आणि लगतच्या कुठल्याही दोन संख्यांमधला फरक सारखाच असला, तर त्या रांगेला अंकगणिती श्रेढी म्हणतात. रांगेतली प्रत्येक संख्या म्हणजे एक पद आणि तो ठरावीक फरक म्हणजे सामान्य फरक. १, २, ३, ४ अशा क्रमवार संख्यांत हा फरक १ असतो. क्रमवार सम किंवा विषम संख्यांत तो २ असतो, ७ च्या पटींत ७. अशा कुठल्याही रांगेची सरासरी अशी काढायची:

सरासरी = (पहिलं पद + शेवटचं पद) ÷ २

मधे किती पदं आहेत हे विचारायची गरज नाही. सामान्य फरक किती आहे हेही सूत्रात येत नाही. फरक सारखा आहे एवढी खात्री मात्र हवीच.

हे का जमतं

कागदावर ४, ११, १८, २५, ३२, ३९ अशी रांग लिहा. आता एक बोट ४ वर ठेवा, दुसरं ३९ वर. बेरीज ४३. दोन्ही बोटं एकेक घर आत सरकवा: ११ आणि ३२, बेरीज पुन्हा ४३. आणखी एकदा सरकवा: १८ आणि २५, तरी ४३. डावं बोट सरकलं की ७ वाढतात, उजवं सरकलं की ७ कमी होतात, त्यामुळे बेरीज जिथल्या तिथे राहते. प्रत्येक जोडीची बेरीज ४३, म्हणजे प्रत्येक जोडीची सरासरी २१.५. सगळ्या जोड्यांची सरासरी एकच असेल तर अख्ख्या रांगेची सरासरीही तीच असणार.

पदांची संख्या विषम असेल तर मधे एक पद एकटं उरतं. समजा रांग ४, ११, १८, २५, ३२ अशी पाचच पदांची आहे. दोन जोड्यांची बेरीज प्रत्येकी ३६, सरासरी १८, आणि मधे उरलेलं पद नेमकं १८. ते एकटं पद सरासरीइतकंच असतं, म्हणून त्याने काही बिघडत नाही. हे बोटांचं सरकवणं एकदा स्वतः करून बघाच, कारण युक्ती कुठे चालणार नाही हेसुद्धा यातूनच कळतं.

आपल्याकडे हे फार जुनं आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) शेवटच्या पदाला अंत्यधन, सरासरीला मध्यधन आणि एकूण बेरजेला सर्वधन म्हटलं आहे. तिथला क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी अंत्यधन काढायचं, त्यात पहिलं पद मिळवून निम्मं केलं की मध्यधन, आणि मध्यधनाला पदांच्या संख्येने गुणलं की सर्वधन. आज शाळेत आपण बेरजेचं सूत्र आधी शिकतो आणि सरासरीसाठी त्या बेरजेला पदांच्या संख्येने भागतो. म्हणजे आधी गुणून मग त्याच संख्येने भागायचं. लीलावतीच्या क्रमात हा वळसा पडत नाही, म्हणून मला तोच क्रम अधिक सरळ वाटतो.

टोकं कशी पकडायची

आता मुख्य काम. प्रश्नात दिलेल्या मर्यादा आणि रांगेची टोकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १०० आणि २०० या मर्यादा आहेत. त्यांना ७ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे त्या रांगेत नाहीतच. रांगेत नसलेली संख्या सूत्रात घालता येत नाही.

सुरुवातीचं टोक असं शोधा. १०० ला ७ ने भागा: १४ चा भाग लागतो, बाकी २. म्हणजे ९८ ही ७ ची पट १०० च्या अलीकडे राहिली आणि पुढची पट १०५. हे पहिलं पद. आता २०० ला ७ ने भागा: २८ चा भाग लागतो, बाकी ४. ७ गुणिले २८ म्हणजे १९६ आणि ती २०० च्या आतच आहे. हे शेवटचं पद. १०५ अधिक १९६ म्हणजे ३०१, त्याचं निम्मं १५०.५.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: वरच्या मर्यादेतून बाकी वजा केली की शेवटचं पद मिळतं. खालच्या मर्यादेतून बाकी वजा केली तर आपण मर्यादेच्या बाहेर जातो, म्हणून तिथे एक पट पुढे यायचं. खालच्या मर्यादेला पूर्ण भाग जात असेल, तर ती स्वतःच पहिलं पद होते (ती धरायची आहे असं प्रश्न म्हणत असेल तर).

आता याहून थोडं अवघड उदाहरण घेऊ, कारण चुका इथे उघड दिसतात. तीन अंकी संख्यांपैकी ज्यांना १३ ने भागल्यावर बाकी ४ उरते, त्या सगळ्यांची सरासरी काढायची आहे.

अशा संख्यांत लगतचा फरक १३ च असणार, म्हणजे श्रेढी आहेच. पहिलं पद: १०० ला १३ ने भागलं की ७ चा भाग लागतो. १३ गुणिले ७ अधिक ४ म्हणजे ९५. ही दोन अंकी, चालणार नाही. तिच्यात १३ मिळवा, १०८. हे पहिलं पद. शेवटचं पद: ९९९ ला १३ ने भागलं की ७६ चा भाग लागतो. १३ गुणिले ७६ म्हणजे ९८८, त्यात ४ मिळवले की ९९२. पुढची संख्या १००५ होते, म्हणजे चार अंकी. म्हणून ९९२ हेच शेवटचं. सरासरी: १०८ अधिक ९९२ बरोबर ११००, निम्मे ५५०.

एका मुलीच्या वहीत याच गणिताचं उत्तर ५४६ होतं. तिने १०४ आणि ९८८ घेतले होते, म्हणजे १३ च्या पटी बरोबर शोधल्या होत्या, पण बाकी ४ मिळवायची राहून गेली. फरक नेमका ४ चाच पडला, आणि तो तसाच पडायला हवा. प्रत्येक पद ४ ने कमी धरलं तर सरासरीही ४ नेच कमी येणार. उत्तर चुकलं की ते किती अंतराने चुकलंय ते बघत जा. बऱ्याचदा ते अंतरच कुठे घसरलो ते सांगतं.

सरळ १०० आणि ९९९ घेऊन काढलं तर ५४९.५ येतं. खऱ्या उत्तराच्या इतकं जवळ की शंका येऊ नये. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत ५४९.५ आणि ५५० दोन्ही पर्याय शेजारी दिसू शकतात. ते ओळखायचं कसं, ते पुढे.

उत्तर पडताळायचं कसं

इथे पदं मोजावी लागतात. सरासरीसाठी मोजण्याची गरज नसते, पण पडताळणीसाठी याहून चांगलं साधन माझ्या माहितीत नाही.

पदांची संख्या = (शेवटचं पद − पहिलं पद) ÷ सामान्य फरक + १

शेवटचा तो १ विसरू नका. भागाकारातून पदांमधल्या उड्या मिळतात, आणि उड्यांपेक्षा पदं नेहमी एकाने जास्त असतात. आपल्या उदाहरणात ९९२ वजा १०८ म्हणजे ८८४, भागिले १३ म्हणजे ६८ उड्या, म्हणून ६९ पदं. हा भागाकार पूर्ण गेला हीच पहिली पडताळणी. तो पूर्ण गेला नसता तर एक तरी टोक चुकलं असं समजा.

दुसरी पडताळणी जास्त बोलकी आहे. पदांची संख्या विषम असेल तर सरासरी हे रांगेतलंच एक पद असायला हवं, नेमकं मधलं. ६९ विषम आहे, तेव्हा ५५० रांगेत हवं. ५५० मधून ४ काढा, ५४६ उरतात आणि ते १३ गुणिले ४२ आहेत. बरोबर जुळलं. ५४९.५ ही पूर्ण संख्याही नाही, त्यामुळे ती या रांगेची सरासरी असणं शक्यच नाही.

पदांची संख्या सम असेल तर सरासरी दोन मधल्या पदांच्या बरोबर मधे पडते आणि रांगेत नसते. ७ च्या पटींच्या गणितात १९६ वजा १०५ म्हणजे ९१, भागिले ७ म्हणजे १३ उड्या, म्हणून १४ पदं. सातवं पद १४७, आठवं १५४, आणि १५०.५ त्यांच्या बरोबर मधे.

‘पासून’, ‘पर्यंत’ आणि ‘दरम्यान’

प्रश्नातले शब्द नीट वाचा असं सगळेच सांगतात. इथे मात्र कोणत्या शब्दाने किती फरक पडतो हे नेमकं सांगता येतं. २० पासून ६० पर्यंतच्या सम संख्या घेतल्या तर सरासरी ४०. ‘२० आणि ६० यांच्या दरम्यानच्या, ही दोन्ही टोकं वगळून’ असं म्हटलं तर रांग २२ ते ५८ होते, आणि सरासरी तरीही ४०. दोन्ही बाजूंनी एकेक पद गेलं, तोल ढळला नाही. पदं मात्र २१ ची १९ झाली, म्हणून बेरीज विचारली असेल तर उत्तर बदलतं.

खरा फटका एकच टोक वगळल्यावर बसतो. ‘२० किंवा त्याहून मोठ्या, पण ६० पेक्षा लहान’ म्हटलं की रांग २० ते ५८, सरासरी ३९. एक टोक गेलं की सरासरी सामान्य फरकाच्या निम्म्याने सरकते. इथे फरक २, म्हणून सरासरी १ ने सरकली.

ऋण आणि मोठ्या संख्या

−७ ते १५ या सगळ्या पूर्णांकांची सरासरी विचारली की काही जण ११ सांगतात. १५ वजा −७ म्हणजे २२, त्याचं निम्मं ११. पण सूत्रात बेरीज आहे, वजाबाकी नाही. −७ अधिक १५ म्हणजे ८, निम्मे ४.

तरीही ते ११ फुकट गेलेलं नाही. टोकांमधल्या अंतराचं निम्मं म्हणजे टोकापासून मध्यापर्यंतचं अंतर. ते पहिल्या पदात मिळवलं की सरासरी येते: −७ अधिक ११ बरोबर ४. संख्या मोठ्या असतील तेव्हा ही दुसरी वाट जास्त सोपी पडते. ४९८७ ते ५०१३ घ्या. अंतर २६, निम्मं १३, आणि ४९८७ अधिक १३ म्हणजे ५०००. मोठी बेरीज करावीच लागली नाही.

उलट दिशेने

सरासरी दिलेली असते आणि टोकं शोधायची असतात, असेही प्रश्न येतात. आठ क्रमवार सम संख्यांची सरासरी ५३ आहे, तर सर्वांत मोठी कोणती? आठ पदांत ७ उड्या, प्रत्येक उडी २ ची, म्हणून टोकांमधलं अंतर १४. निम्मं ७. सर्वांत मोठी ५३ अधिक ७ म्हणजे ६०, सर्वांत लहान ४६. सम संख्यांची सरासरी विषम कशी, असा प्रश्न पडला तर वर पाहा: पदं आठ, म्हणजे सम, म्हणून सरासरी ५२ आणि ५४ या मधल्या पदांच्या बरोबर मधे.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ७ उड्यांऐवजी ८ धरणं. तसं केलं तर निम्मं अंतर ८ येतं आणि सर्वांत मोठी संख्या ६१ निघते. ती विषम आहे, म्हणजे चूक तिथल्या तिथे दिसते. पण क्रमवार पूर्णांकांच्या गणितात सम-विषमाची ही खूण मिळत नाही, तिथे उड्या मोजताना जपायला हवं.

कुठे चालत नाही

पहिल्या पाच मूळ संख्या: २, ३, ५, ७, ११. टोकांवरून ६.५ येतं, खरी सरासरी २८ भागिले ५ म्हणजे ५.६. वर्गसंख्या १, ४, ९, १६, २५ यांची टोकांवरून १३ येते, खरी ११. बोटं सरकवून बघा: १ आणि २५ ची बेरीज २६, पण ४ आणि १६ ची २०. जोड्या सारख्या नाहीत, तिथे युक्ती संपली. ‘१ ते ५ च्या वर्गांची सरासरी’ वाचताना ‘१ ते ५’ हे शब्द आधी डोळ्यांत भरतात, म्हणून ही चूक चांगल्या मुलांकडूनही होते. १ ते ५ ही श्रेढी आहे, त्यांचे वर्ग नाहीत.

उलट, टोकांवरून आलेलं उत्तर खऱ्या सरासरीशी जुळलं म्हणून रांग श्रेढी आहे असं म्हणता येत नाही. २, ३, ७, ११, १२ या संख्यांमधले फरक १, ४, ४, १ आहेत, तरी सरासरी ७ च आणि टोकांवरूनही ७ च. कारण २ आणि १२, ३ आणि ११ या जोड्या ७ भोवती समतोल आहेत. युक्तीला खरी गरज या समतोलाची असते. श्रेढीत तो कायम मिळतो, म्हणून तिथे बिनधास्त वापरता येते.

दुसरी जागा म्हणजे एकाच संख्येची पुनरावृत्ती. ५ एकदा, १० दोनदा, १५ तीनदा आणि २० चारदा आले असतील, तर ५, १०, १५, २० ही श्रेढी दिसते खरी, पण सरासरी १२.५ नाही. बेरीज ५ अधिक २० अधिक ४५ अधिक ८० म्हणजे १५०, संख्या एकूण दहा, सरासरी १५. वारंवारतेचं कोष्टक समोर असेल तर फक्त डावीकडच्या रकान्याची टोकं घेऊ नका.

तिसरी म्हणजे मधेच एखादं पद गळालेलं असणं. १२, १५, १८, २४, २७ अशी यादी भराभर वाचली तर ३ च्या पटी म्हणून सोडून दिली जाते. २१ त्यात नाही. टोकांवरून १९.५, खरी सरासरी ९६ भागिले ५ म्हणजे १९.२.

गळालेलं पद शोधायला मात्र हीच युक्ती उपयोगी पडते. १ ते ४१ या संख्यांतून एक संख्या पुसली आणि उरलेल्या ४० संख्यांची सरासरी २०.८ आली. कोणती पुसली? पूर्ण रांगेची सरासरी १ अधिक ४१ भागिले २, म्हणजे २१. उरलेल्या प्रत्येक संख्येमागे ०.२ ची घट दिसते. अशा ४० संख्या, म्हणून एकूण घट ८. पुसलेली संख्या २१ इतकीच असती तर सरासरी हललीच नसती. ती खाली आली, म्हणजे पुसलेली संख्या २१ पेक्षा ८ ने मोठी होती: २९. ताळा करायचा असेल तर ४१ गुणिले २१ म्हणजे ८६१, आणि ४० गुणिले २०.८ म्हणजे ८३२. वजाबाकी २९.